क्लासच्या लँडिंग पेजसाठी मेल लिहिताना

‘आमच्या क्लासचं एक छान लँडिंग पेज बनवायचं आहे, प्रोफेशनल वाटलं पाहिजे. किती घ्याल?’ ट्यूशन क्लास चालवणाऱ्यांकडून फ्रीलान्सरला जाणारा मेल बहुतेक वेळा एवढाच असतो. सोबत गेल्या वर्षीच्या पॅम्फ्लेटचा फोटो. समोरचा माणूस मग आपल्या मनाने मजकूर भरतो: अनुभवी शिक्षक, वैयक्तिक लक्ष, उज्ज्वल भविष्य. पेज तयार होतं, दिसायलाही बरं असतं, पण फोन काही वाजत नाही. फ्रीलान्सरला दोष देऊन उपयोग नाही. पालकाला काय विचारायचं असतं हे क्लासचालकालाच ठाऊक असतं आणि त्यानेच ते लिहिलेलं नसतं.

चांगला मेल कसा असतो हे दाखवण्यासाठी एक क्लास कल्पू. गाव मात्र खरं आहे: सुरतच्या दक्षिणेला, मुंबईच्या लोहमार्गावर भेस्तान आणि मरोलीच्या मधलं सचिन. जीआयडीसीच्या कापड गिरण्यांमुळे वाढलेलं हे गाव २०२० मध्ये शेजारच्या कनकपूर-कनसाडसह सुरत महानगरपालिकेत आलं. स्थानिक गुजराती, धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेली मराठी कुटुंबं, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार असे सगळे इथे एकाच गल्लीत राहतात. आपल्या क्लासचे सर मूळचे शिरपूरकडचे, नववी-दहावीचं गणित-विज्ञान शिकवणारे. मेलमधली वाक्यं आणि आकडे नमुन्याचे आहेत.

त्यांच्या मेलचा पहिला परिच्छेद असा:

> नमस्कार भाऊ, पेजचं काम एकच आहे. नववी किंवा दहावीच्या मुलाच्या पालकाने आम्हाला फोन करावा, व्हॉट्सॲप करावं किंवा नंबर सोडावा आणि मुलाला घेऊन शनिवारच्या डेमो लेक्चरला यावं. पेजवर येणारा माणूस बहुतेक वेळा मोबाइलवरूनच बघेल.

या दोन-तीन वाक्यांनी फ्रीलान्सरचं निम्मं काम ठरतं. लँडिंग पेज म्हणजे पूर्ण वेबसाइट नव्हे. ते एका कामासाठीचं एक पान असतं आणि त्या कामाला मदत न करणारी गोष्ट तिथे अडथळाच ठरते. संस्थापकांचं मनोगत, सरकणारे फोटो, ‘आमचं ध्येय’, गेल्या गॅदरिंगचा व्हिडिओ हे सगळं एका फटक्यात बाहेर जातं. राहतं ते वरती क्लासचं नाव, कुठल्या इयत्ता, कुठलं माध्यम, आणि अंगठ्याच्या टप्प्यात दोन बटणं. मेलमध्ये काम लिहिलेलं नसेल, तर फ्रीलान्सर सगळंच थोडं थोडं घालतो. त्याचाही नाइलाज असतो.

नावाची एक गंमत सचिनमध्येच होते. पालक गूगलवर ‘सचिन ट्यूशन क्लास’ असं शोधतो आणि त्याला देशभरातल्या सचिन नावाच्या सरांचे क्लास दिसतात. म्हणून मेलमध्ये स्पष्ट सांगावं लागतं की पेजच्या शीर्षकात क्लासचं नाव, इयत्ता, माध्यम आणि ‘सचिन, सुरत’ एवढं सगळं हवं. हे शीर्षक पेजवर ठळक दिसणाऱ्या मथळ्यापेक्षा वेगळं असतं. ते कोडमध्ये लिहिलं जातं आणि गूगलच्या यादीत बहुधा तेच निळ्या अक्षरांत दिसतं. बरेचजण तिथे नुसतं क्लासचं नाव किंवा ‘होम’ ठेवून देतात. शिवाय गूगल मॅपवर क्लासची नोंद वेगळी करावी लागते. ‘माझ्याजवळचे क्लास’ असं शोधणाऱ्याला आधी नकाशातल्या नोंदी दिसतात, पेज नंतर. ती नोंद फ्रीलान्सर करणार की सर स्वतः, हेही मेलमध्येच ठरलेलं बरं.

आता भाषा. मेलमधला सगळ्यात विचार करून लिहायचा भाग हाच आहे आणि बहुतेक मेलमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. सचिनमधल्या खानदेशी घरात बाप देवनागरी सहज वाचतो, पण गुजराती लिपी अडखळत. मुलगा गुजराती माध्यमात असेल, तर तो गुजराती भराभर वाचतो आणि मराठी घरात फक्त बोलतो. महापालिकेच्या मराठी किंवा हिंदी माध्यमाच्या शाळेतून आलेली मुलं वेगळीच. २०२३ च्या कायद्याने गुजरातमध्ये पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला, त्यामुळे मुलांना गुजराती येईलच. पण फी भरणारा मुलगा नसतो, बाप असतो. सरांनी हे असं लिहिलं:

> मुख्य पेज गुजरातीत. वरच्या कोपऱ्यात ‘मराठी’ आणि ‘हिन्दी’ अशी दोन बटणं, आपापल्या भाषेत लिहिलेली. तिन्ही मजकूर मी स्वतः पाठवतो, आपोआप भाषांतर करणारं बटण नको. मराठी पेजवर ‘इयत्ता दहावी’ आणि गुजराती पेजवर ‘धोरण १०’. ‘बॅच’, ‘फी’, ‘डेमो’, ‘टेस्ट’ हे शब्द तिन्हीकडे तसेच ठेवा, लोक तेच म्हणतात.

आपोआप भाषांतराला सरांचा विरोध हट्टापायी नाही. तसा मजकूर अर्थाने बरोबर असला तरी गल्लीतल्या बोलण्यासारखा वाटत नाही, आणि जो क्लास आपल्याशी आपल्या भाषेत नीट बोलत नाही तो मुलाला काय शिकवणार, असं पालकाच्या मनात येतं. तिन्ही भाषांना वेगवेगळी लिंक असावी, म्हणजे मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थेट मराठी पेज टाकता येतं.

मजकूर कशात पाठवायचा हेही सांगितलं पाहिजे. पॅम्फ्लेट छापून देणाऱ्याकडची फाइल बहुधा जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये असते. तिच्यातला मजकूर कॉपी करून पेजवर टाकला की गुजराती किंवा मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मग फ्रीलान्सर सुटकेचा मार्ग काढतो आणि पॅम्फ्लेटचं चित्रच पेजवर चिकटवतो. मोबाइलवर त्यातली अक्षरं मुंगीएवढी होतात, त्यातला फोन नंबर दाबून फोन लागत नाही आणि गूगलच्या दृष्टीने ते पान जवळजवळ कोरंच असतं. त्यापेक्षा सगळा मजकूर फोनच्या कीबोर्डवर युनिकोडमध्ये टाइप करून मेलमध्येच द्यावा. तासाभराचं काम आहे. ते टाळलं तर पुढचे चार दिवस दुरुस्त्यांत जातात.

मजकुरात काय हवं, हे शोधायची सरळ रीत आहे. आठवडाभर क्लासला येणारे फोन ऐकावेत आणि पालक पहिल्या मिनिटात काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावं. कुणीही ‘तुमचं अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय’ असं विचारत नाही. लोक विचारतात: गुजरात बोर्ड की सीबीएसई? गुजराती मिडियम घेता का इंग्लिशसुद्धा? बेसिक गणित शिकवता का स्टँडर्ड? बॅच किती वाजता? फी किती, एकदम भरायची का हप्त्यात? क्लास नक्की कुठे, किती मजले चढायचे? मुलगी संध्याकाळी किती वाजता सुटते? हेच प्रश्न, याच क्रमाने, उत्तरांसकट पेजवर आले की पेज तयार.

यातला बेसिक-स्टँडर्डचा प्रश्न बाहेरच्या फ्रीलान्सरला कळणारच नाही. गुजरात बोर्डात दहावीला गणित दोन प्रकारचं असतं आणि मुलाला त्यातलं एक निवडावं लागतं. पुढे विज्ञान शाखेचा विचार असणारं घर स्टँडर्ड बघतं, नुसतं पास व्हायचं असणारं घर बेसिक. एकाच बॅचमध्ये दोन्ही शिकवता की वेगवेगळ्या, या एका ओळीवर पालकाचा निर्णय फिरू शकतो. सरांनी लिहिलं, ‘स्टँडर्ड गणिताची बॅच संध्याकाळी ५ ते ६.३०, बेसिकची ६.३० ते ८, दोन्ही वेगळ्या.’ अशी ओळ फ्रीलान्सर कल्पनेने लिहू शकत नाही.

फीबद्दल क्लासचालक सगळ्यात जास्त चाचरतात. ‘फी पेजवर टाकली तर शेजारचा क्लास पाचशे कमी करेल’ ही भीती खोटी नाही. पण फी लपवली की जे पन्नास फोन येतात त्यातले बरेच नुसती फी ऐकून बंद होतात आणि सरांची संध्याकाळ त्यात जाते. माझं मत फी लिहावी असंच आहे. मात्र ती पूर्ण लिहावी: वर्षाची एकूण रक्कम, हप्ते किती आणि कधी, पुस्तकं आणि टेस्ट सीरिज त्यात धरली आहे की वेगळी, मध्येच क्लास सोडला तर किती परत मिळतात. जीएसटी लागू असेल तर तो धरूनच आकडा द्यावा. खासगी कोचिंगवर हा कर १८ टक्के आहे आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी करावी लागते. ‘१४,००० रुपये’ वाचून आलेल्या माणसाला काउंटरवर १६,५२० सांगितले, तर तो पुढच्या वर्षी धाकट्याला आणणार नाही.

निकालाची जागा पेजवर सगळ्यात मोहाची. ‘१०० टक्के निकाल’, ‘सुरतमध्ये नंबर १’, हार घातलेल्या मुलांचे फोटो. इथे मेल लिहिताना कायदा माहीत असायला हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना त्या लागू आहेत आणि शाळेच्या अभ्यासाची ट्यूशनही त्यात येते. निकालाची किंवा गुणांची खोटी हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो, अभिप्राय वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती लागते, आधी प्रवेशाच्या फॉर्मवर घेतलेली सही पुरत नाही. त्याने नक्की कुठला कोर्स केला, हेही फोटोसोबत सांगावं लागतं. ‘शेवटच्या ३ जागा’ अशी खोटी घाईसुद्धा बसत नाही. क्लास ५० मुलांच्या आतला असला म्हणून मोकळीक मिळते असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

म्हणून सरांनी मेलमध्ये निकाल असा दिला:

> मार्चच्या परीक्षेला आमच्याकडची ३४ मुलं बसली, ३१ पास झाली. गणितात ७० च्या वर ९ मुलं. हाच आकडा टाका, गोल करू नका. ‘बेस्ट’, ‘नंबर १’, ‘गॅरंटी’ हे शब्द कुठेही नकोत. फोटो चारच मुलांचे, त्यांची आणि त्यांच्या पालकांची निकालानंतरची सही माझ्याकडे आहे. इंटरनेटवरून हसणाऱ्या मुलांचे फोटो घेऊ नका.

तीन नापास मुलांचा आकडा उघड करायला धाडस लागतं, पण वाचणाऱ्या पालकाचा विश्वास बसतो तो त्याच आकड्यामुळे. शंभर टक्क्यांचा फ्लेक्स त्याने नाक्यानाक्यावर पाहिलेला असतो. शेवटच्या वाक्याचं कारणही साधं आहे. फ्रीलान्सरला मोकळी जागा खुपते आणि तो विकतच्या संग्रहातल्या कोऱ्या इस्त्रीच्या गणवेशातली मुलं आणून बसवतो. सचिनमधला पालक एका नजरेत ओळखतो की ही मुलं इथली नाहीत.

सुरतमध्ये क्लासच्या पेजवर आणखी एक गोष्ट असायलाच हवी. २४ मे २०१९ रोजी सरथाण्यातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ जणं गेली, बहुतेक विद्यार्थी. जिना पेटल्यावर मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या, ती दृश्यं या शहरातल्या प्रत्येक आईबापाने पाहिली आहेत. तेव्हापासून ‘किती मजले चढायचे’ या प्रश्नात पायऱ्यांचा कंटाळा नसतो. मेलमध्ये क्लासचा मजला, जिने किती, दुसरी बाहेरची वाट आहे का, अग्निशमन दलाचं प्रमाणपत्र कधीपर्यंतचं आहे, हे लिहावं आणि वर्गाचा व जिन्याचा आजचा फोटो जोडावा. या मजकुराला सजावट नको. पत्त्याखाली साध्या दोन ओळी पुरतात. प्रमाणपत्र नसेल तर पेजचं काम थांबवून आधी ते मिळवावं.

आता नंबर सोडायचा फॉर्म. फ्रीलान्सरकडे तयार फॉर्म असतो: नाव, वडिलांचं नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, शाळा, मागच्या वर्षीचे गुण. मोबाइलवर एवढं कुणी भरत नाही. पोरं अठराच्या आतली असतात आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा मुलांची माहिती घ्यायला पालकाच्या संमतीची अट आहे. मग नको ती माहिती गोळा करून जपण्याची जबाबदारी कशाला ओढवून घ्यायची? सरांनी चारच रकाने मागितले: पालकाचं नाव, मुलाची इयत्ता आणि माध्यम, पालकाचा मोबाइल नंबर, आणि चौथा ‘फोन कधी करू?’ त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री आठनंतर असे पर्याय.

हा चौथा रकाना सचिनचा आहे. इथल्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो. त्या वेळी क्लासचा फोन गेला, तर तो उचलत नाही, नंतर अनोळखी नंबरला उलट फोनही करत नाही, आणि सर समजतात पालकाला गरज नव्हती. फॉर्म भरल्यावर समोर नुसतं ‘धन्यवाद’ न येता ‘उद्या संध्याकाळी ५ ते ७ मध्ये या नंबरवरून फोन येईल’ असं यावं, नंबरासकट. भरलेली माहिती कुठे पोहोचणार हेही मेलमध्ये हवं. फ्रीलान्सरच्या मेलवर जाणारे फॉर्म काम संपल्यावर तसेच साचत राहतात. सरांनी स्वतःच्या गूगल शीटमध्ये नोंद आणि फोनवर लगेच सूचना, असं मागितलं.

बटणांची खरी खोच नंबर लिहिण्यात असते. दोन्ही लिंक अशा दिसतात:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dhoran%2010%20Gujarati">व्हॉट्सॲप करा</a>
```

पहिल्या ओळीत देशाच्या क्रमांकाआधी अधिकचं चिन्ह आहे, दुसऱ्या ओळीत ते नाही. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, रिकामी जागा किंवा आडवी रेघ घालायची नसते, देशाचा क्रमांक आणि पुढे दहा आकडे एवढंच. ९१ च्या जागी सवयीने शून्य पडलं की व्हॉट्सॲप उघडतं आणि हा नंबर इथे नाही म्हणून सांगतं. शेवटी जोडलेला मजकूर पालकाच्या चौकटीत आधीच टाइप झालेला दिसतो, त्यामुळे त्याला फक्त पाठवायचं बटण दाबायचं असतं आणि सरांनाही कोण काय विचारतंय ते लगेच कळतं. ही तपासणी स्वतःच्या फोनवरून करू नये. शेजाऱ्याच्या, सरांचा नंबर सेव्ह नसलेल्या फोनवरून करावी.

फोटोंचं वजन ही तांत्रिक बाबींतली दुसरी आणि शेवटची महत्त्वाची बाब. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे आठ फोटो जसेच्या तसे चढवले, तर स्वस्त फोनवर पेज उघडेपर्यंत पालक मागे फिरलेला असतो. पेजवरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गूगलची चांगल्या पेजची रेघ आहे. मेलमध्ये लिहावं की कुठलाही फोटो २०० केबीच्या वर नको आणि पेज साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून दाखवलं जाईल. फ्रीलान्सरच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर सगळीच पेजेस वेगाने उघडतात.

मेलच्या शेवटी व्यवहार. पेजचं नाव म्हणजे डोमेन सरांच्या नावावर, सरांच्या मेल आयडीवर नोंदवलं जावं आणि दरवर्षीचं नूतनीकरणाचं बिल त्यांच्याकडेच यावं. हे न केल्याने काय होतं ते बऱ्याच क्लासचालकांनी अनुभवलं आहे: दोन वर्षांनी फ्रीलान्सर नोकरीला लागतो, नंबर बदलतो, डोमेनची मुदत संपते आणि पॅम्फ्लेटवर छापलेल्या पत्त्यावर भलतंच काही उघडतं. गूगल मॅपच्या नोंदीचा मालकी हक्कही असाच आपल्या खात्यावर ठेवावा. पैसे अर्धे आधी, अर्धे बटणं तपासल्यावर, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरून. फी, बॅचच्या वेळा आणि निकाल हे तीन भाग सरांना स्वतः बदलता आले पाहिजेत, नाहीतर ऑगस्टमध्येही पेजवर ‘प्रवेश सुरू’ दिसत राहतं.

आणि हा मेल मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षा चालू असतानाच पाठवावा. गुजरातमध्ये शाळा जूनमध्ये उघडतात, नव्या दहावीच्या पालकांची विचारपूस एप्रिलपासून सुरू होते, आणि पेज बनून, तपासून, गूगलवर दिसायला लागायला काही आठवडे लागतात. मे अखेरीस पाठवलेल्या मेलचं पेज उघडतं तेव्हा पालकांनी दुसरीकडे पहिला हप्ता भरलेला असतो.